संहितेला आधी कान लाव

अगं, मुलांची संहिता हातात आली की लाल पेन लगेच उघडू नकोस. आधी ती ऐक. मुलालाच समोर बसवून वाचायला सांग, नाहीतर तूच मोठ्यानं वाच. आपण मराठीची माणसं ऱ्हस्व-दीर्घाला इतकी सोकावलेली असतो की पहिल्याच ओळीत वेलांटी चुकली की तिथंच अडकतो. श्रोत्यांना वेलांटी दिसत नाही. त्यांना फक्त ऐकू येतं, तेही एकदाच. पान मागं उलटून बघायची सोय त्यांना नाही. त्यामुळे पहिल्या वाचनात एकच काम करायचं. आपलं लक्ष कुठं सुटलं, तिथं समासात बारीक टिंब द्यायचं. का सुटलं ते नंतर बघता येतं.

दुसरं काम घड्याळाचं. मंचावरून नीट, श्वास घेत बोललं तर मराठीत मिनिटाला शंभर-एकशेदहा शब्द होतात. घरात भिंतीकडे तोंड करून मुलं एकशेचाळीसच्या वेगानं पळतात आणि म्हणतात, "मावशी, बसतंय पाच मिनिटांत." तसं बसत नसतं. सभागृहात टाळ्या येतात, माइक खरखरतो, एखादा शब्द अडतो. पाच मिनिटांच्या वक्तृत्वाला सव्वापाचशे शब्द पुरे. वादविवाद असेल तर साडेचारशेच्या वर जाऊ देऊ नकोस, कारण उरलेलं पाऊण मिनिट आधीच्या वक्त्याचं खंडन करायला लागतं. संहितेत ही जागा खरोखर कोरी सोडायची, दोन-तीन ओळींची चौकट आखून. काठोकाठ भरलेली संहिता घेऊन उभं राहिलेलं मूल समोरच्यानं काय मांडलं ते ऐकतच नाही, आणि परीक्षकांना ते पहिल्या मिनिटात कळतं.

तू मला ज्या अकरावीतल्या मुलीची संहिता पाठवलीस, तीच धरून बोलते. विषय "मतदान सक्तीचे करावे", बाजू अनुकूल, वेळ पाच मिनिटं, चौथ्या मिनिटाला पहिली घंटा. शब्द भरले आठशेतीस. मुलगी हुशार आहे, भाषा चांगली आहे, आणि वाचताना पहिल्यांदा मलाही बरं वाटलं. ते बरं वाटणंच तपासायला हवं.

माझी पद्धत सांगते. प्रत्येक परिच्छेदाशेजारी समासात एकच वाक्य लिहायचं. या परिच्छेदानं काय सिद्ध केलं? "लोकशाहीबद्दल आहे" असं मोघम नको, पूर्ण विधान हवं. या मुलीच्या संहितेत सहा परिच्छेद आहेत. पहिल्यात अध्यक्षमहोदय, परीक्षक वगैरे, आणि एक शेर. माझ्या समासात आलं, "काही नाही." दुसऱ्यात लिंकनची लोकशाहीची व्याख्या: "लोकशाहीत लोक महत्त्वाचे." तिसऱ्यात हुतात्म्यांनी रक्त सांडलं: "मताचा हक्क मोलाचा आहे." चौथ्यात टक्केवारी: "बरेच लोक मत देत नाहीत." पाचव्यात ऑस्ट्रेलिया: "तिथं सक्ती आहे आणि मतदान भरपूर होतं." सहाव्यात आवाहन: "चला, मतदान करूया."

आता हा समास वरून खाली वाच. चार ठिकाणी मुलगी सांगते आहे की मतदान चांगलं आहे. त्याला विरोध कोण करणार? प्रतिकूल बाजूचा मुलगा उठून पहिल्याच वाक्यात म्हणेल, "मतदान महत्त्वाचं आहे हे मलाही मान्य आहे, प्रश्न सक्तीचा आहे," आणि तिचे सातशे शब्द एका दमात खर्ची पडतील. विषयात "सक्तीचे" हा शब्द आहे आणि वादाचं सगळं वजन त्याच्यावर आहे. तिला मतदानाची थोरवी गायची नाही. जे काम लोकांनी राजीखुशीनं करायला हवं, ते सरकारनं दंड लावून का करून घ्यावं, हे तिला पटवून द्यायचं आहे. आठशेतीसपैकी हे काम करणारे शब्द मोजले तर नव्वदच्या आसपास भरतील. संहितेची रचना बघायची म्हणजे एवढंच बघायचं. आरंभ-मध्य-शेवट असे तीन भाग कुठल्याही निबंधाला असतात. वादविवादाच्या संहितेत प्रत्येक भाग त्या एका वादग्रस्त शब्दाच्या बाजूनं काही ओढतो का, ते महत्त्वाचं. ओढत नसेल तर कितीही सुंदर असो, तो भाग काढायचा.

रचनेची आणखी एक कसोटी मी मुलांकडूनच करून घेते. संहितेची झेरॉक्स काढायची, परिच्छेद कात्रीनं कापायचे आणि पिसून पुन्हा लावायचे. नव्या क्रमानंही भाषण तितकंच बरं वाटलं, तर रचना नव्हतीच, मुद्द्यांची नुसती रांग होती. या मुलीच्या संहितेत हुतात्मे आधी आले काय आणि लिंकन आधी आला काय, काहीच बिघडत नाही. खऱ्या युक्तिवादात तसं करता येत नाही. दंड किती हे सांगितल्याशिवाय "दंड जाचक नाही" म्हणता येत नाही, आणि आक्षेप मांडल्याशिवाय त्याचं उत्तर देता येत नाही.

मग तिनं क्रम कसा लावावा? मी असा सुचवला असता. आधी सक्ती म्हणजे नेमकं काय, ते दोन वाक्यांत. कुठल्या निवडणुकांना, न गेल्यास काय, सूट कुणाला. अनुकूल बाजूनं पहिल्याच मिनिटात ही चौकट आखली नाही, तर प्रतिकूल बाजू ती आपल्या सोयीनं आखते, आणि सक्ती म्हणजे पोलीस घरी येऊन ओढून नेणार असं चित्र उभं करते. त्यानंतर मूळ कारण: जे मत देत नाहीत त्यांचे प्रश्न उमेदवाराच्या हिशेबात धरले जात नाहीत, आणि नुसत्या आवाहनानं हे बदलत नाही. मग पुरावा. मग समोरच्याचा सर्वांत भक्कम आक्षेप, आपल्याच तोंडानं मांडलेला, आणि त्याचं उत्तर. त्यानंतर शेवट. अशी संहिता कापून पिसली तर लगेच मोडते, आणि तशीच ती मोडायला हवी.

पुराव्याकडे जरा थांबते, कारण इथं चांगली मुलं आपटतात. तिनं लिहिलंय, "ऑस्ट्रेलियात मतदान न करणाऱ्याला तुरुंगात टाकतात." तसं नाही. तिथं केंद्रीय निवडणुकीत मत दिलं नाही आणि सबळ कारणही सांगितलं नाही, तर वीस डॉलर दंड होतो. प्रकरण कोर्टात जातं ते हा दंडही न भरता अडून बसलेल्याचं. गंमत अशी की खरी माहिती तिच्याच फायद्याची आहे. तुरुंग म्हटलं की सक्ती राक्षसी दिसते. वीस डॉलर म्हटलं की ती वाहतुकीच्या पावतीइतकी साधी दिसते. शिवाय तिथला आकडा तिनं वापरलाच नाही. १९२२ च्या निवडणुकीत साठ टक्क्यांहूनही कमी लोकांनी मत दिलं होतं, १९२४ मध्ये सक्तीचा कायदा झाला, आणि १९२५ च्या निवडणुकीत मतदान एक्क्याण्णव टक्क्यांच्या पुढे गेलं. एकच देश, तीन वर्षांचं अंतर आणि मध्ये एक कायदा. यापेक्षा चांगला पुरावा अनुकूल बाजूला मिळणार नाही, आणि तिनं "तिथे भरपूर मतदान होते" एवढ्यावर भागवलं.

दुसरं तिनं लिहिलंय, "आपल्याच देशात गुजरात राज्यात हा कायदा लागू आहे." इथं तू स्वतः शोधून बघायला हवं होतंस. गुजरात विधानसभेनं स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांसाठी असा कायदा २००९ मध्ये मंजूर केला, राज्यपालांची संमती २०१४ मध्ये आली आणि २०१५ मध्ये उच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. "लागू आहे" म्हटलं की प्रतिकूल बाजूला आयतं कोलीत मिळालं. अशा वेळी दोन वाटा असतात. तो संदर्भ सरळ काढून टाकायचा, किंवा स्थगितीसकट आपणच सांगायचा. माझा कल काढण्याकडे आहे. पाच मिनिटांत स्थगितीची कारणं उलगडायला वेळ मिळत नाही, आणि अर्धवट सांगितलं तर लपवल्यासारखं दिसतं. संहितेतल्या प्रत्येक तथ्याजवळ मुलांनी ते कुठं वाचलं ते पेन्सिलीनं लिहायला लाव. "व्हॉट्सॲपवर" असं उत्तर आलं की ते वाक्य उडालं असं समज.

आक्षेपाचं बोलते. मत न देण्याचंही स्वातंत्र्य असतं, हा समोरच्याचा भक्कम मुद्दा असणार. तिच्या संहितेत त्याचा मागमूसही नाही. खरं तर उत्तर हाताशी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर मतदान यंत्रावर "नोटा"चं बटण आलं. त्यामुळे सक्ती केंद्रावर जाण्याची होईल, उमेदवार पसंत करण्याची नाही. हे उत्तर तिला दे, पण त्यातला धोकाही सांग. त्याच निकालात मत न देणाऱ्याच्या स्वातंत्र्याचाही विचार झालेला होता, म्हणून प्रतिकूल बाजूही तोच निकाल हातात घेऊन उभी राहू शकते. दुधारी पुरावा वापरताना पुढचं एक वाक्य तयार हवं, आणि ते त्या कोऱ्या चौकटीत पेन्सिलीनं लिहून ठेवायचं.

आपल्याकडच्या पुष्कळ स्पर्धांत एका संघातून दोघं जातात, एक अनुकूल आणि एक प्रतिकूल. ही मोठी सोय आहे आणि फार थोडे शिक्षक ती वापरतात. दोघांच्या संहिता एकमेकांना वाचायला दे. प्रतिकूल बोलणाऱ्या मुलाला सांग, "हिच्या संहितेतली तीन वाक्यं शोध, ज्यांच्यावर तू उठून तुटून पडशील." तो जी तीन काढेल ती तू कधीच काढली नसतीस, कारण तू मुलीच्या बाजूनं वाचतेस आणि तो तिला हरवायला वाचतो. या संहितेत त्यानं पहिल्यांदा काय धरलं असतं ते मी सांगते. तिनं लिहिलंय, "मत न देणारे हे आळशी आणि बेजबाबदार असतात." महाराष्ट्र विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला होतं आणि ऊस गाळप हंगाम त्याच्या पाचच दिवस आधी, १५ नोव्हेंबरला, सुरू व्हायचा होता. बीडकडची ऊसतोड कुटुंबं अशा दिवसांत गाव सोडून कुठल्याकुठं कोयता घेऊन फडात असतात. त्यांना आळशी म्हणणार? बरं, हीच स्पर्धा बीडच्या एखाद्या कॉलेजात असेल, आणि समोर बसलेल्यांतल्या निम्म्यांचे आईबाप त्या फडात असतील, तर त्या एका वाक्यानं तिचं सभागृहच हातचं गेलं.

यावरून श्रोत्यांकडे वळते. "श्रोते कोण आहेत ते बघा" हे सगळेच सांगतात, पण कागदावर ते कसं बघायचं ते कुणी सांगत नाही. मी सर्वनामांपासून सुरुवात करते. संहितेतल्या प्रत्येक "आपण", "आम्ही" आणि "तुम्ही"भोवती गोल काढायचा. मराठीत "आपण" म्हटलं की ऐकणारा आत येतो आणि "आम्ही" म्हटलं की तो बाहेर राहतो. या मुलीनं दुसऱ्या परिच्छेदात "आपण सारे", तिसऱ्यात "आम्ही तरुण", चौथ्यात "तुम्ही लोक" आणि शेवटी परत "आपण" असं लिहिलंय. म्हणजे परीक्षक तिच्या घरात शिरतात, बाहेर जातात, शिव्या खातात आणि पुन्हा आत येतात. त्यात ती स्वतः अकरावीत, सोळा-सतरा वर्षांची. तिला मत नाही! "आपण मतदान केलं नाही तर" हे तिच्या तोंडी पोकळ वाटतं. पण हेच वळवलं तर तिच्याजवळ असं काही येतं जे सभागृहातल्या कुठल्याही मोठ्या माणसाजवळ नाही. "मला अजून मत नाही. माझ्या शाळेचा, माझ्या रस्त्याचा निर्णय तुमच्या मतानं होतो. ज्या दिवशी तुम्ही घरी बसता, त्या दिवशी माझ्या वतीनं बोलणारं कुणी उरत नाही." आता "तुम्ही" म्हटलेलं टोचत नाही, कारण ते आरोप म्हणून आलेलं नाही. आणि हे बोलणं सक्तीच्या बाजूचंही आहे: ज्याच्या मतावर दुसरा अवलंबून आहे, त्यानं ते द्यायलाच हवं.

परीक्षकांचंही बघ. आंतरशालेय, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत परीक्षक बहुधा शिक्षक-प्राध्यापक असतात, आणि आपल्याकडे शिक्षक म्हटलं की निवडणुकीची ड्युटी आलीच. ते केंद्राध्यक्ष झालेले असतात, आदल्या दिवशी यंत्रांच्या पेट्या घेऊन केंद्रावर मुक्काम केलेला असतो, मतदाराच्या डाव्या तर्जनीला शाई लावलेली असते. या मुलीनं विनोद म्हणून लिहिलंय, "मतदान केंद्रावरचे कर्मचारी डुलक्या काढत असतात." तो विनोद परीक्षकांच्या टेबलावर जाऊन आपटणार. तिथं तिनं ड्युटीवरच्या माणसाचा एक खरा तपशील आणला असता, म्हणजे दुपारी दोनला रिकामा पडलेला वर्ग आणि हातातली शाईची बाटली, तर तीनही परीक्षकांनी मान वर केली असती. आणि परीक्षकांनी त्याच विषयावर सकाळपासून किती भाषणं ऐकली असतील, तेही धरून चाल. तिचा क्रमांक विसावा असेल तर लिंकन त्यांनी तोवर पंधरा वेळा ऐकलेला असतो. जी गोष्ट तुला पहिल्या दहा सेकंदांत सुचली, ती बाकीच्या वीस शाळांनाही तेवढ्याच वेळात सुचलेली असते.

श्रोत्यांच्या मनातलं आधी उचलायचं कसं, याचा नमुना हवा असेल तर बाबासाहेबांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण मुलांबरोबर समासाच्या पद्धतीनं वाच. इशारे सगळ्यांना माहीत असतात: घटनात्मक मार्ग सोडू नका, एका माणसाच्या पायी स्वातंत्र्य वाहू नका, सामाजिक समतेशिवाय राजकीय लोकशाही टिकणार नाही. पण ते तिथून सुरुवात करत नाहीत. संविधानाला फार वेळ लागला, मसुदा समिती नुसती रेंगाळते आहे, अशी टीका त्या सभागृहातच झालेली होती. बाबासाहेब आधी तिचा हिशेब देतात. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका यांना किती काळ लागला, आपल्या घटनेत कलमं किती, दुरुस्त्या किती आल्या, हे मांडतात. ऐकणाऱ्याच्या मनातली तक्रार शांत झाल्यावरच ते पुढच्या अवघड गोष्टींकडे जातात. पाच मिनिटांच्या भाषणात एवढी ऐसपैस जागा मिळत नाही, पण क्रम तोच ठेवायचा. ऐकणारा मनात जे म्हणतो आहे ते आधी, आपल्याला जे म्हणायचं आहे ते नंतर.

आता शोभेचं सामान. इथं मी सगळ्यांत कडक आहे. शेर, चारोळी, अवतरण यांच्यावर हात ठेवून झाकायचं आणि पुढचं वाचायचं. अर्थामध्ये काही कमी झालं नाही, तर हात उचलायचा नाही. तिचा पहिला शेर तसाच गेला, आणि पंधरा सेकंद सुटले.

मग प्रश्नचिन्हं मोज. या संहितेत चौदा आहेत. प्रश्न टाकला की सभागृह जागं होतं हे खरं, पण प्रश्न विचारला की उत्तर देण्याचा हक्क ऐकणाऱ्याला मिळतो. म्हणून प्रत्येक प्रश्नाला मागच्या बाकावरचं खोडकर पोर होऊन तू उत्तर दे. "अशा लोकांना नागरिक म्हणायचं का?" मागून येईल, "हो, म्हणायचं!" हा प्रश्न गेला. "आपण खरंच स्वतंत्र आहोत का?" याचं उत्तर काहीही असू शकतं, आणि सक्तीच्या विषयात तर प्रतिकूल बाजू हाच प्रश्न उचलून नेईल. हाही गेला. "मतदानाच्या दिवशी सुट्टी कशासाठी असते?" याला एकच उत्तर आहे आणि ते तिच्या बाजूचं आहे. हा राहिला. पाच मिनिटांत असे दोन, फार तर तीन. त्यातला एक असा हवा की तो विचारून ती दोन सेकंद गप्प उभी राहू शकेल. संहितेत ते "थांब" असं लिहूनच ठेव, नाहीतर मुलं घाबरून प्रश्नाला प्रश्न जोडत सुटतात.

आकड्यांचं तसंच. तिनं लिहिलंय, "२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ६५.७९ टक्के मतदान झाले." डोळ्यांना ठीक आहे. कानाला "पासष्ट पूर्णांक एकोणऐंशी शतांश" येईपर्यंत माणूस सोडून देतो. शिवाय आकडा तिच्या उलट बोलतो, कारण पासष्ट म्हणजे चांगलंच की! तिला हवे आहेत ते न आलेले. "दर शंभर मतदारांतले चौतीस जण आले नाहीत." आणि या सभागृहात खुर्च्या तीनशे असतील तर "इथल्या शंभर खुर्च्या रिकाम्या आहेत असं समजा" म्हटलं की आकडा समोर येऊन बसतो. हे वाक्य मात्र त्या दिवशी सभागृह बघून ठरवायचं. भरगच्च हॉलमध्ये ते लागतं, अर्ध्या रिकाम्या हॉलमध्ये लोक हसतात.

पुनरुक्ती आणि तीन शब्दांची माळ मुलांना फार आवडते. तिथं एकच बघ. तिसरा शब्द चढतो का? "जागरूक, जबाबदार आणि सजग" यात पहिला आणि तिसरा एकच आहेत. असं ऐकू आलं की समज, मुलीजवळ दोनच गोष्टी होत्या आणि तिसरी ताल भरायला आली.

याहून मोठं दुखणं मराठी वाक्याचं आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं. वाचताना डोळा पुढं पळून ते गाठतो, पण ऐकणाऱ्याला ते येईपर्यंत सगळा बोजा डोक्यावर धरून उभं राहावं लागतं. तिचं एक वाक्य जसंच्या तसं देते: "ज्या देशातल्या सुशिक्षित, सुसंस्कृत म्हणवणाऱ्या शहरी नागरिकांना मतदानासाठी मिळालेल्या सुट्टीचा उपयोग सहलीला जाण्यासाठी करताना थोडीही लाज वाटत नाही, त्या देशाच्या लोकशाहीचे भवितव्य काय असेल हा प्रश्न मला सतत अस्वस्थ करतो." निबंधात याला दहापैकी आठ मिळतील. मंचावर "सहलीला" येईपर्यंत तिचा श्वास संपतो आणि "भवितव्य" येईपर्यंत परीक्षकांचा. शिवाय शेवटी काय कळलं? ती अस्वस्थ आहे. आम्ही दोघींनी बसून केलं असतं तर ते असं काहीसं झालं असतं: "मतदानाच्या दिवशी सुट्टी असते. शहरातला शिकलेला माणूस त्या दिवशी लोणावळ्याला जातो. त्याला लाज वाटत नाही, कारण विचारणारं कुणी नाही. सक्ती म्हणजे फक्त एवढंच, की उद्या कुणीतरी विचारेल." शब्द कमी झाले, आणि शेवटचं वाक्य विषयावर येऊन उभं राहिलं. लांब वाक्य अजिबात नको असं मी म्हणत नाही. दोन-तीन छोट्या वाक्यांनंतर एक लांब आलं तर ते भरून येतं. पण बारा-पंधरा शब्दांनंतरही क्रियापद दिसत नसेल, तर तिथं पेन्सिलीची तिरकी रेघ मार आणि मुलीला विचार, "इथं श्वास कुठं घेशील?"

शेवट तपासताना "शेवटी एवढेच सांगेन" ही ओळ किती वेळा आली ते मोज. या संहितेत ती दोनदा आली आहे आणि "जाता जाता" एकदा. ऐकणाऱ्यानं पहिल्या वेळीच वही मिटलेली असते. दुसरं म्हणजे, वादविवादाला दोन शेवट लिहून ठेवायचे, एक चार ओळींचा आणि एक, एका वाक्याचा. खंडन लांबलं आणि शेवटची घंटा वाजली, तर मुलं मुख्य भागातलं वाक्य अर्ध्यात तोडून "धन्यवाद" म्हणून पळतात. एका वाक्याचा शेवट पाठ असेल तर घंटेनंतरही तो पाच सेकंदांत नीट म्हणता येतो, आणि तेवढ्याचे गुण कुणी कापत नाही.

संहिता परत देताना सगळं एकदम सांगू नकोस. पहिल्या फेरीत फक्त समासातली ती सहा वाक्यं दाखव आणि विचार, "यातली सक्तीबद्दल किती?" ती स्वतःच डोकं धरून बसेल आणि दुसरा खर्डा आपोआप निम्मा होईल. दुसऱ्या फेरीत तथ्यं आणि आक्षेप. भाषा सगळ्यांत शेवटी, कारण जे वाक्य उडणारच आहे त्याची वेलांटी सुधारण्यात दोघींचा वेळ का घालवायचा? आणि तिच्या जागी तू लिहून देऊ नकोस. वर मी दिलेली वाक्यंसुद्धा तिला जशीच्या तशी देऊ नकोस, दिशा सांग आणि तिला तिच्या शब्दांत आणू दे. सोळा वर्षांच्या मुलीच्या तोंडी पन्नाशीच्या बाईची वाक्यं आली की परीक्षक हसून एकमेकांकडे बघतात. मी त्या टेबलावर बसलेली आहे, मला माहीत आहे. शिवाय उत्स्फूर्त खंडनाची वेळ आली की तिची स्वतःची भाषा बाहेर येते आणि जोड उघडी पडते.

स्पर्धेच्या दोन दिवस आधी संहिता बंद करायची. त्यानंतर फक्त ती कोरी चौकट आणि सभागृह बघून ठरवायचं ते खुर्च्यांचं वाक्य मोकळं ठेवायचं. पान एकच असेल तर पाठपोट नको, आणि कार्डं असतील तर प्रत्येकावर वरच्या कोपऱ्यात ठळक क्रमांक टाकायला सांग.